पाच तारखेचा हप्ता, सात तारखेचा पगार

महिन्याची चार तारीख आली की माझ्या पोटात गोळा यायचा. पाच तारखेला घराच्या कर्जाचा हप्ता जायचा, १०,२७७ रुपये. आणि यांचा पगार व्हायचा सात तारखेला. मधे फक्त दोन दिवस! पण ते दोन दिवस भरून काढायला मी काय काय केलं, ते माझं मलाच माहीत. शेजारच्या काकूंकडून उसने घेतले. लेकीच्या क्लासच्या फीचे डब्यात ठेवलेले पैसे काढले. सासूबाईंनी औषधांसाठी दिलेल्या नोटासुद्धा एकदा बँकेत भरून आले आणि सात तारखेला गुपचूप परत त्यांच्या पाकिटात ठेवल्या. घरात कुणाला पत्ता नाही. 'हप्ता गेला का गं?' असं यांनी विचारलं की मी नुसतं 'हो' म्हणायची.

कर्ज घेतलं तेव्हा असं नव्हतं. तेव्हा कारखान्यात पगार एक तारखेला व्हायचा. त्यामुळे पाच तारखेचा हप्ता सोयीचाच होता, उलट चार दिवस हाताशी मिळायचे. २०२४ मध्ये कारखान्याची व्यवस्था बदलली आणि पगार सात तारखेवर गेला. कामगारांनी कुरकुर केली, पण महिना संपल्यावर सात दिवसांच्या आत पगार द्यायचा असं कायदाच म्हणतो. सात तारीख म्हणजे नियमात बसलेली तारीख, तिथे भांडायला जागा नव्हती. पगाराची तारीख सरकली, हप्त्याची मात्र होती तिथेच राहिली. त्या दोन तारखांच्या मधल्या फटीत मी दर महिन्याला सापडायला लागले.

दोनदा माझं गणित चुकलंच. एकदा लग्नाला गावी गेलो होतो, पैसे भरायचे राहून गेले. दुसऱ्यांदा खात्यात तीनशे रुपये कमी पडले. तीनशे कमी म्हणजे हप्ता तीनशेने कमी जात नाही मैत्रिणींनो, तो अख्खाच परत जातो. आमच्या बँकेने हप्ता परत गेल्याचे कर धरून ५९० रुपये कापले. कर्ज देणाऱ्या कंपनीनेही तेवढेच लावले. म्हणजे एका वेळेला ११८० रुपये, दोनदाचे २३६०. शिवाय हप्ता उशिरा भरल्याची नोंद कर्जाच्या खात्यावर पडते. ती पुढे पतअहवालात दिसली, तर लेकीच्या शिक्षणासाठी कर्ज मागायला जाऊ तेव्हा तीच आडवी येणार.

मार्ग सुचवला तो एका हळदीकुंकवात. आमच्या गल्लीतली एकजण पतसंस्थेत कामाला आहे. वाण घेता घेता माझं रडगाणं तिने ऐकलं आणि सहज म्हणाली, "अगं, मग हप्त्याची तारीखच बदलून घे की!"

मी तिच्याकडे बघतच राहिले. हप्त्याची तारीख ही जन्मतारखेसारखी असते, एकदा लिहिली की लिहिली, असंच मी धरून चालले होते. पण तसं नसतं. पुष्कळ बँका आणि कर्ज देणाऱ्या कंपन्या तारीख बदलून देतात. सगळ्या देत नाहीत आणि देतात त्यांच्याही अटी असतात. हप्ता थकलेला नसावा लागतो. अनेक ठिकाणी कर्जाच्या सगळ्या मुदतीत एकदाच बदल मिळतो. आणि वाट्टेल ती तारीख मिळत नाही, त्यांच्या ठरलेल्या दोन-चार तारखांतलीच निवडावी लागते. आमच्या कंपनीकडे पाच, दहा आणि पंधरा अशा तीनच तारखा होत्या.

पुढच्या आठवड्यात मी यांना घेऊन शाखेत गेले. तिथला मुलगा नम्र होता. त्याने संगणकात पाहिलं आणि म्हणाला, "होईल मॅडम, दहा तारीख करता येईल. पण ब्रोकन पिरियडचं व्याज लागेल. १५९० रुपये."

झालं! हे लगेच खुर्चीतून उठले. "हा दंडच की! आम्ही हप्ता बुडवला नाही, काही नाही, नुसती तारीख बदलायचे दीड हजार? चल गं घरी." मला त्यांचा राग कळत होता. पण दर महिन्याची चार तारीख त्यांच्या नव्हे, माझ्या वाट्याला यायची. मी बसून राहिले आणि त्या मुलाला म्हटलं, "हे १५९० कशाचे, ते जरा कागदावर फोडून लिहून द्या."

हा एक प्रश्न विचारला म्हणून मला पुढचं सगळं समजलं.

ब्रोकन पिरियड हे नाव अवघड आहे, गोष्ट घरभाड्याइतकी सोपी आहे. समजा, तुम्ही भाड्याच्या घरात राहता आणि दर पाच तारखेला मागच्या महिन्याचं भाडं देता. मालकाला तुम्ही म्हणालात, 'यापुढे दहा तारखेला देईन.' मालक म्हणेल, 'द्या की. पण या खेपेला पाच तारखेपासून पुढच्या दहा तारखेपर्यंत तुम्ही महिना आणि वर पाच दिवस राहिलात. त्या वरच्या पाच दिवसांचं भाडं द्या, मग पुढे दर दहा तारखेला नेहमीचं.' यात मालकाने दंड केला नाही. तुम्ही पाच दिवस जास्त राहिलात, त्याचे पैसे घेतले. कर्जाचंही तेच. पैसे हे घर, आणि व्याज हे त्याचं भाडं. तारीख पाचवरून दहावर गेली की मुद्दल पाच दिवस जास्त आपल्याकडे राहते. त्या अर्धवट, मोडक्या महिन्याचं व्याज, तेच हे.

हिशेब तर त्याहून सोपा. आमचं मुद्दल त्या वेळी जवळपास ७,३०,००० रुपये शिल्लक होतं. व्याज दर वर्षाला १० टक्के. म्हणजे वर्षाचं व्याज ७३,००० रुपये. त्याला वर्षाच्या ३६५ दिवसांनी भागलं की दिवसाचे २०० रुपये. पाच दिवसांचे १०००. बस्स, एवढंच! काही ठिकाणी महिना तीस दिवसांचा धरून हिशेब करतात, तेव्हा हाच आकडा १०१४ येतो. चौदा रुपयांसाठी भांडत बसू नका. पण हजारच्या जागी कुणी सहा हजार सांगितले, तर थांबा. कारण सहा हजार हे अख्ख्या महिन्याचं व्याज झालं, आणि तेवढं तुमच्या पुढच्या हप्त्यातच धरलेलं असतं. वेगळे घ्यायचे ते फक्त जादा दिवसांचे.

लक्षात ठेवा, हा हिशेब मूळ कर्जावर नाही, शिल्लक मुद्दलावर करायचा. आमचं मूळ कर्ज नऊ लाखांचं होतं. ते धरून गुणाकार केला असता तर आकडा उगाच फुगला असता. शिल्लक मुद्दल कर्जाच्या उताऱ्यावर असतं. तो शाखेत मागितला की मिळतो, मोबाइलवरही दिसतो.

मग हजार रुपये व्याज, तर १५९० कसे? मुलाने कागदावर लिहिलं, व्याज १०००, तारीख बदलण्याचं शुल्क ५००, त्यावर १८ टक्के जीएसटी ९०. म्हणजे 'ब्रोकन पिरियडचं व्याज' या एका नावाखाली त्याने तीन गोष्टी एकत्र सांगितल्या होत्या. व्याज हे व्याज, ते दिवसांवर ठरतं आणि कर्जाच्या व्याजावर जीएसटी लागत नाही. शुल्क हे कंपनीने आपल्या कामाचं लावलेलं, त्यावर मात्र जीएसटी लागतो. व्याजावर वाद घालता येत नाही, कारण ते खरंच आपलं देणं असतं. शुल्काबद्दल मात्र विचारता येतं, 'हे तुमच्या शुल्काच्या यादीत आहे का, दाखवा.' आमच्या कंपनीच्या यादीत ते होतं, म्हणून मी गप्प बसले. ज्यांची कर्जं १ ऑक्टोबर २०२४ नंतरची आहेत, त्यांच्या हातात तर आणखी एक कागद असतो. कर्ज देताना सगळ्या खर्चांचं एक तथ्यपत्रक द्यायचं, आणि त्यात नसलेलं शुल्क कर्जदाराच्या स्पष्ट संमतीशिवाय घ्यायचं नाही, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. तो कागद फाइलमधून शोधून काढा आणि बरोबर घेऊन जा.

आता तुम्ही म्हणाल, हिशेब बरोबर असला तरी हजार रुपये जास्तीचे गेलेच ना? गेले. पण एकदाच गेले. पुढच्या प्रत्येक महिन्यात आम्ही पाच दिवस उशिरा हप्ता भरणार, तरी दर महिन्याला जादा व्याज नाही. घरभाड्यासारखंच, वरचे पाच दिवस एकदा मिटवले की पुढे महिना ते महिना.

त्या रात्री मी एक दुसराही हिशेब केला. तो मात्र मी यांना पहिल्यांदाच दाखवला. त्या वर्षात मी बचत गटातून सहा वेळा आठ-आठ हजार उचलले होते, दोन-तीन दिवसांसाठी. गटाचं व्याज महिन्याला शेकडा दोन, आणि दोन दिवस वापरले तरी व्याज पूर्ण महिन्याचं. एका वेळेचे १६०, सहा वेळेचे ९६०. म्हणजे ज्या हजार रुपयांना हे 'दंड' म्हणून उठून चालले होते, जवळपास तेवढं व्याज मी वर्षभरात भाजीच्या पैशांतून भरून बसले होते. फरक इतकाच, की शाखेतला आकडा यांच्या समोर आला आणि माझा कधी आलाच नाही. आणि मी भरत होते ते संपणारं नव्हतं. कर्जाची नऊ वर्षं बाकी होती.

हे बराच वेळ कागदाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "मला सांगायचं नाही का?" मी काय उत्तर देणार! सांगितलं असतं तर त्यांना वाटलं असतं की त्यांचा पगार कमी पडतो. पगार कमी पडत नव्हता. तारीख चुकीची होती.

दुसऱ्या दिवशी आम्ही अर्ज करायला गेलो, पण जाण्याआधी मी एक काम केलं. पासबुक घेतलं आणि मागच्या बारा महिन्यांत पगार कोणत्या तारखेला जमा झाला ते लिहून काढलं. नऊ वेळा सात, दोनदा आठ, एकदा नऊ. हे करणं फार गरजेचं आहे. 'पगार सातला होतो, मग हप्ता सातलाच करा' असं सांगून आपण मोकळे होतो आणि तिथेच फसतो. हप्त्याची मागणी बँकेत बहुधा सकाळीच येते, आणि पगार कधीकधी संध्याकाळी जमा होतो. सात तारखेचा पगार सात तारखेच्याच हप्त्याला उपयोगी पडेल याची काही खात्री नाही. दुसरं म्हणजे, हप्ते कापून नेणारी ही यंत्रणा १ ऑगस्ट २०२१ पासून रविवारी आणि सुट्टीच्या दिवशीही चालू असते. पगार काढणारा कारखान्यातला कारकून मात्र रविवारी घरी असतो. तेव्हा नेहमीची तारीख न धरता, वर्षातली सगळ्यात उशिराची तारीख धरा आणि तिच्यापुढची जी तारीख मिळेल ती घ्या. आमची उशिराची तारीख नऊ, म्हणून दहा. पंधराही मिळत होती. पण पंधरा म्हणजे जादा दहा दिवस, म्हणजे हजारच्या जागी दोन हजार. आणि आपलं मन आपल्याला ठाऊक असतं, पगार होऊन आठ दिवस पैसे खात्यात राहिले की त्यांना वाटा फुटतात.

अर्ज दिला तेव्हा त्या मुलाने विचारलं, "व्याज आत्ता भरता, की कर्जात मिळवू?" ऐकायला दुसरं किती सोयीचं वाटतं! खिशातून काहीच जात नाही. पण हे हजार रुपये मुद्दलात मिळवले आणि हप्ता तोच ठेवला, तर ते नऊ वर्षं दहा टक्क्यांनी वाढत राहतात आणि शेवटी सुमारे २४५० रुपये होऊन कर्जाच्या टोकाला उभे राहतात. तोवर तारीख बदलल्याचं कुणाच्या लक्षातही नसतं, आणि 'हा शेवटचा हप्ता मोठा कसा?' म्हणून घरात वाद होतात. मी म्हटलं, आत्ताच भरते. भरले आणि पावती घेतली, व्याजाची वेगळी, शुल्काची वेगळी.

इथपर्यंत सगळं नीट झालं. पुढे जी चूक झाली, ती तुमच्या बाबतीत होऊ नये म्हणून सांगते.

आम्ही अर्ज दिला २०२५ च्या जूनमध्ये. पहिला नवा हप्ता १० जुलैला जाईल, असं पत्रही मिळालं. मी निर्धास्त. आणि ५ जुलैला सकाळी मोबाइलवर मेसेज आला, खात्यात पुरेशी रक्कम नसल्याने हप्ता परत गेला! मला घाम फुटला. झालं होतं असं, की कर्जाच्या खात्यात तारीख बदलली होती, पण बँकेतून पैसे ओढण्याची जुनी आज्ञा तशीच चालू राहिली होती. या दोन वेगवेगळ्या गोष्टी आहेत, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. कर्ज घेताना आपण एका फॉर्मवर सही करतो, की माझ्या या खात्यातून दर महिन्याला इतकी रक्कम काढून घ्या. त्याला मँडेट म्हणतात. कर्जाची तारीख बदलली की त्या मँडेटचं काय होणार, हे वेगळं विचारावं लागतं. काही ठिकाणी जुनंच चालतं, काही ठिकाणी नवीन सही करून द्यावं लागतं, आणि नवीन नोंदवलं जाईपर्यंत काही दिवस जातात.

पुन्हा ५९० अधिक ५९०. पण या वेळी माझ्याकडे शिक्क्याचं पत्र होतं. ते घेऊन शाखेत गेले, लेखी तक्रार दिली, पोच घेतली. कंपनीने आपले ५९० परत केले आणि खात्यावरची थकबाकीची नोंद काढून टाकली. बँकेचे ५९० मात्र गेले ते गेलेच. बँक म्हणाली, आमच्याकडे मागणी आली, खात्यात पैसे नव्हते, आमची काय चूक? तेही खरंच.

म्हणून सांगते, तारीख बदलण्याच्या त्या एका महिन्यात जुन्या तारखेलाही हप्त्याचे पैसे खात्यात असू द्या. उसने घ्यावे लागले तरी घ्या, ते शेवटचे असतील. आणि मँडेटबद्दल विचाराल तेव्हा त्याची शेवटची तारीखही पाहा. आमचं जुनं मँडेट जिथे संपत होतं, ती तारीख कर्जाच्या शेवटच्या महिन्यातली पाच होती. आता आमचा शेवटचा हप्ता दहा तारखेला येणार, म्हणजे मँडेट संपल्यावर पाच दिवसांनी. ते तसंच राहिलं असतं तर नऊ वर्षांनी, अगदी शेवटच्या हप्त्याला, माशी शिंकली असती. आम्ही नवीन करून घेतलं.

प्रत्येकीने तारीख बदलावीच, असं मात्र मी म्हणणार नाही. माझ्या नणंदेचं उदाहरण घ्या. ती दवाखान्यात नर्स आहे. तिचा पगार महिनाअखेरीला होतो आणि स्कूटीच्या कर्जाचा हप्ता २५ तारखेला. तिलाही तारीख पाच करायची होती. मी म्हटलं, वन्सं, आधी कागद घ्या. तिचं मुद्दल ६०,००० रुपये शिल्लक, व्याज ११ टक्के. दिवसाचे साधारण १८ रुपये. २५ जुलैचा हप्ता ५ ऑगस्टला गेला तर अकरा दिवस जादा, म्हणजे जेमतेम २०० रुपये व्याज. पण शुल्क ५९० रुपये! व्याजाच्या जवळजवळ तिप्पट. आणि हप्ते राहिले होते फक्त बारा. शिवाय शाखेत तिला आधी सांगितलं होतं, की २५ जूनचा हप्ता भरा आणि पुढचा लगेच ५ जुलैला. म्हणजे दहा दिवसांत दोन पूर्ण हप्ते. जादा व्याज लागणार नाही हे खरं, पण दहा दिवसांत दोन हप्ते आणायचे कुठून? म्हणून बदलानंतरचा पहिला हप्ता नेमका कोणत्या तारखेला जाणार, हे अर्जावर सही करण्याआधी विचारून लिहून घ्यायला हवं.

वन्संनी तारीख बदलली नाही. त्यांनी दिवाळीला मिळालेल्या पैशांतून एका हप्त्याचे ५,३०० रुपये खात्यात टाकले आणि त्याला हात लावायचा नाही असं ठरवलं. २५ तारखेला त्यातून हप्ता जातो, महिनाअखेरीला पगारातून तेवढे परत भरले जातात. कर्ज फिटलं की ते पैसे त्यांचेच. ज्यांचा पगार कधी तीनला, कधी तेराला, कधी दोन महिन्यांचा एकदम होतो, त्या माझ्या कंत्राटी नोकरीतल्या मैत्रिणींनाही हाच उपाय बरा. पगारालाच तारीख नसेल, तर हप्त्याची तारीख कशाशी जुळवणार?

मला राग येतो तो एका गोष्टीचा. कर्ज देताना आपला पगार किती ते दहा वेळा विचारतात. तीन महिन्यांच्या पगारपत्रकांच्या प्रती घेतात, सहा महिन्यांचं पासबुक चाळतात. त्याच पासबुकात पगाराची तारीख ठळक दिसत असते. पण 'हप्ता कोणत्या तारखेला सोयीचा पडेल?' हे आम्हाला कुणीही विचारलं नाही. छापील फॉर्मवर पाच होतं, ते पाच राहिलं. मग तारीख चुकली की दोन्हीकडून शुल्क. तारीख बदला म्हटलं की एक न कळणारं इंग्रजी नाव आणि त्याखाली तीन रकमांची एक मोळी. व्याज किती, शुल्क किती, कर किती, किती दिवसांचं, किती मुद्दलावर, हे पाच आकडे लिहून द्यायला त्या मुलाला दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत. मग ते मागितल्याशिवाय का मिळू नयेत? रिझर्व्ह बँकेने २९ एप्रिल २०२४ च्या परिपत्रकात कर्ज देणाऱ्यांना बजावलं आहे, की महिन्याच्या मधेच कर्ज दिलं किंवा फेडलं गेलं असताना काही जण पूर्ण महिन्याचं व्याज लावत होते, तसं करू नका, पैसे जितके दिवस कर्जदाराकडे होते तितक्याच दिवसांचं घ्या. हे तपासात आढळलं म्हणूनच बजावावं लागलं ना? तेव्हा दिवस मोजून घेणं म्हणजे कुणावर अविश्वास दाखवणं नव्हे. दूधवाल्याचे खाडे आपण कॅलेंडरवर लिहून ठेवतोच की! लेखी तक्रारीला तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा आलेलं पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं, त्याला पैसे पडत नाहीत.

आणि थोडा राग स्वतःचाही येतो. यांचा पगार, यांची सही, यांचं कर्ज, म्हणून शाखेत जायचं ते यांनीच, असं मी धरून चालले होते. पण तारखांमधली फट भरत होते मी. डबे मी उघडत होते, काकूंच्या दारात मी उभी राहत होते. ज्या घरात हप्ता आहे, त्या घरात दोन तारखांच्या मधले दिवस बहुधा बाईच्याच पदरात पडतात आणि त्या दिवसांचं व्याजही तीच भरते, कुठल्याही पावतीशिवाय. ते व्याज एकदा कागदावर मांडून बघा. मग शाखेतल्या आकड्याशी ताडून बघा. कोणता मोठा, ते तुमचं तुम्हालाच दिसेल.

आमचा सगळा मिळून खर्च झाला २१८० रुपये, १५९० त्यांचे आणि ५९० त्या ५ जुलैच्या घोळाचे. पहिल्या दोन वेळा हप्ता परत गेला, तेव्हाच त्याहून जास्त गेले होते.

परवा चार तारीख आली आणि गेली. रात्री झोपताना माझ्या लक्षात आलं, की आज चार तारीख होती हे आपल्याला दिवसभरात आठवलंच नाही.